त्रिकोणी लागवडीत रोपांचा आकडा दर वेळी का चुकतो?

वाफ्याची लांबी-रुंदी मोजलेली असते. दोन रोपांतलं अंतर ठरलेलं असतं. क्षेत्रफळाला भागून आकडाही काढलेला असतो. तरीही लावायला बसलं की एकतर दहा-बारा रोपं हातात उरतात, नाहीतर शेवटची ओळ अर्ध्यावरच संपते. पुढच्या हंगामात "मागच्या वेळी उरली होती" म्हणून आपण अंदाजाने आकडा कमी करतो आणि मग रोपं कमी पडतात. हंगामी फुलांचे वाफे आखताना माझं पहिली काही वर्षं नेमकं हेच व्हायचं, आणि अजूनही मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. उरलेली रोपं पिशवीतच वाळून जातात आणि कमी पडलेली आठवड्याने आणून लावली तर मागेच राहतात. वाफा फुलला की तेवढा कोपरा वेगळा दिसतो. म्हणून हा हिशेब एकदा नीट लावून घेऊ.

ज्या वाफ्यावर मी दोनदा चुकले, तोच उदाहरणाला घेते. आतून ३ मीटर लांब आणि १२० सेंमी रुंद. फूल बुटक्या जातीचा झेंडू, दोन रोपांत २५ सेंमी, आणि चारही बाजूंनी काठापासून पहिल्या रोपाच्या बुंध्यापर्यंत १५ सेंमी मोकळी जागा. या मोकळ्या जागेला मी पुढे काठअंतर म्हणेन. लागवड त्रिकोणी, म्हणजे दुसऱ्या ओळीतलं रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या बरोबर मध्यावर येणार आणि कुठल्याही शेजारच्या रोपापासून २५ सेंमीवरच असणार.

पहिल्या वर्षी मी पूर्ण क्षेत्रफळावरून हिशेब केला. समभुज त्रिकोणाची बाजू २५ सेंमी असेल तर त्याची उंची २५ गुणिले ०.८६६, म्हणजे २१.६५ सेंमी येते. हेच दोन ओळींतलं अंतर. म्हणजे एका रोपाच्या वाट्याला २५ गुणिले २१.६५, साधारण ५४१ चौरस सेंमी जागा. वाफा ३६,००० चौरस सेंमीचा. भागाकार ६६.५ आला, मी ६७ रोपं आणली. लागली ५५. बारा उरली.

दुसऱ्या वर्षी वाटलं, काठअंतर विसरले म्हणून चुकलं. मग आतला आयत घेतला: ३०० मधून दोन्हीकडचे १५ वजा जाता २७०, आणि १२० मधून तसेच वजा जाता ९०. म्हणजे २४,३०० चौरस सेंमी. भागाकार ४४.९. पंचेचाळीस रोपं आणली आणि दहा कमी पडली.

वाफा तोच, अंतर तेच, काठ तोच. एका हिशेबाने ६७, दुसऱ्याने ४५, आणि प्रत्यक्षात ५५. दुसऱ्या वर्षाची चूक मला जास्त लागली, कारण त्या वेळी मी काठ लक्षात ठेवूनही चुकले होते.

४५ का येतात

हाताला बोटं पाच, पण त्यांच्यामधल्या फटी चारच. आतल्या आयताचं क्षेत्रफळ भागलं की आपण फटी मोजतो, बोटं नाही.

नीट पाहा. ९० सेंमी रुंदीत २१.६५ चे ४.१६ गाळे बसतात. २७० सेंमी लांबीत २५ चे १०.८ गाळे बसतात. ४.१६ गुणिले १०.८ करा, ४४.९ च येतील. म्हणजे क्षेत्रफळाचा भागाकार आणि गाळ्यांचा गुणाकार ही एकच गोष्ट आहे. पण रोपं गाळ्यात लावत नाहीत, गाळ्याच्या दोन्ही टोकांना लावतात. चार पूर्ण गाळे असतील तर ओळी पाच, दहा पूर्ण गाळे असतील तर ओळीत रोपं अकरा.

दुसऱ्या बाजूनेही हे पटतं. आतल्या आयताच्या कडेवर जी रोपं उभी आहेत, त्यांच्या वाट्याची अर्धी जागा त्या आयताच्या बाहेर, काठाच्या पट्ट्यात आहे. आपण तो पट्टा वजा केला, पण रोपं मात्र आत धरली. कोपऱ्यातल्या रोपाची तर पाऊण जागा बाहेर जाते. वाफा लहान आणि अरुंद असेल तितकी कडेवरची रोपं एकूण रोपांच्या मानाने जास्त, म्हणून घरच्या लहान वाफ्यात ही चूक ठळक दिसते आणि मोठ्या मैदानी वाफ्यात जाणवतही नाही. मोठ्या वाफ्यावर जमलेलं सूत्र लहान वाफ्यावर फसतं, त्यामागे बरेचदा एवढंच असतं.

६७ का येतात

पूर्ण क्षेत्रफळाच्या हिशेबात चूक उलट दिशेची आहे. तो अपूर्णांकालाही रोप मानतो. १२० सेंमी रुंदीला २१.६५ ने भागलं तर ५.५४ ओळी येतात. पण अर्धी ओळ म्हणून काही नसतं. ती गेली की ओळीला बाराच्या हिशेबाने सहा-साडेसहा रोपं गेली. तसंच लांबीत ३०० भागिले २५ म्हणजे १२ रोपं धरली जातात. ती बसायला पहिलं रोप काठापासून १२.५ सेंमीवर हवं. मी १५ सेंमी सोडले, त्यामुळे ओळीत अकराच बसली. पाच ओळींत पाच रोपं आणखी गेली. साडेसहा आणि पाच मिळून साडेअकरा. ६६.५ मधून ते वजा केले की बरोबर ५५ राहतात.

म्हणून एवढं पक्कं धरा: काठअंतर ठरलेलं असेल तर क्षेत्रफळाने फक्त अंदाज घ्यायचा, रोपं आणायचा आकडा ओळी मोजूनच काढायचा.

ओळी मोजून बरोबर आकडा

आधी ओळी. आतली रुंदी ९०, ओळींतलं अंतर २१.६५, भागाकार ४.१६. पूर्णांक तेवढा घ्यायचा, चार, आणि त्यात एक मिळवायचा. पाच ओळी.

मग पहिल्या ओळीतली रोपं. २७० भागिले २५ म्हणजे १०.८. दहा अधिक एक, अकरा रोपं. शेवटच्या रोपानंतर आतल्या कडेपर्यंत २० सेंमी शिल्लक राहतात.

आता सरकवलेली ओळ, म्हणजे दुसरी आणि चौथी. इथे बरेच जण डोळे मिटून एक रोप कमी धरतात. ते दर वेळी बरोबर नसतं. ही ओळ अर्ध्या अंतराने, म्हणजे १२.५ सेंमी पुढे सुरू होते. तेव्हा तिला २७० वजा १२.५, म्हणजे २५७.५ सेंमी मिळतात. भागिले २५ केले तर १०.३, म्हणजे हिच्यातही अकराच रोपं. पहिल्या ओळीच्या शेवटी जी शिल्लक आहे ती अर्ध्या अंतराएवढी किंवा जास्त असली की सरकवलेल्या ओळीतही तेवढीच रोपं बसतात. इथे शिल्लक २०, अर्धं अंतर १२.५, म्हणून बसली. पाच ओळी गुणिले अकरा, पंचावन्न.

हाच वाफा ३ मीटरऐवजी २९० सेंमी असता तर आतली लांबी २६० झाली असती. पहिल्या ओळीत पुन्हा अकरा, पण शिल्लक फक्त १०. सरकवलेल्या ओळीला २४७.५ सेंमी मिळतात, भागाकार ९.९, म्हणून तिच्यात दहाच रोपं. मग ११, १०, ११, १०, ११ मिळून ५३. आणि सुरुवात चुकून लहान ओळीने केली तर १०, ११, १०, ११, १० मिळून ५२. ओळींची संख्या विषम असेल तर मोठ्या ओळीने सुरू करा, एक रोप जास्त बसतं आणि दोन्ही कडांना भरगच्च ओळ येते.

उरलेले सेंटिमीटर कुठे घालायचे

आकडा बरोबर आला तरी वाफा एका बाजूला ओढल्यासारखा दिसू शकतो. पहिल्या ओळीनंतर २० सेंमी आणि वर काठाचे १५, म्हणजे उजव्या टोकाला ३५ सेंमी उघडी माती. मागच्या ओळीनंतरही साडेतीन सेंमी शिल्लक आहेत. ही शिल्लक एका टोकाला टाकून न देता सगळ्या गाळ्यांत वाटायची.

या वाफ्यात सगळ्या ओळी अकराच्या आहेत. एका ओळीचे दहा गाळे आणि सरकवण्याचा अर्धा, असे साडेदहा गाळे २७० सेंमीत बसवायचे. २७० भागिले १०.५ म्हणजे २५.७ सेंमी. ओळी चार गाळ्यांत बसवायच्या, ९० भागिले ४ म्हणजे २२.५ सेंमी. आता शेजारच्या ओळीतल्या रोपापर्यंतचं तिरकं अंतर तपासू: अर्धा गाळा १२.८६, ओळींतलं अंतर २२.५, दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ घेतलं की २५.९. ओळीत २५.७ आणि तिरकं २५.९. त्रिकोण अजूनही डोळ्याला समभुजच आहे आणि माती कुठेही उघडी पडत नाही.

२९० च्या वाफ्यात तर आणखी छान जमतं. २६० भागिले १० म्हणजे ओळीत २६ सेंमी, सरकवलेली ओळ १३ सेंमीवर सुरू, तिरकं अंतर २६ सेंमीच्या अगदी लगत.

जमिनीवर उतरवताना मी असं करते. समोरच्या काठापासून १५ सेंमीवर दोन खुंट्या ठोकून दोरी ताणते. दोरीशेजारी टेप पसरून ठेवते आणि तो शेवटपर्यंत हलवत नाही. खुणा सगळ्या एकाच टोकापासून मोजते: १५, ४०.७, ६६.४, ९२.१ अशा, शेवटची २७२.१ वर. एका रोपापासून पुढचं रोप असं काठीने मोजत गेलं तर दर वेळी अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे होतो आणि दहाव्या गाळ्याला पाच सेंमीचा फरक पडतो. शेवटचं रोप मग काठावर येतं आणि आपण आकड्याला दोष देतो. दुसरी दोरी पहिलीपासून २२.५ वर, खुणा २७.९ पासून सुरू, शेवटची २८५ वर. म्हणजे पहिल्या ओळीला उजवीकडे जितकी मोकळीक, तितकीच दुसरीला डावीकडे. खुणांवर चिमूटभर फक्की टाकली की उभं राहून सगळा वाफा एका नजरेत दिसतो, आणि एखादी खूण सरकली असेल तर ती तिरक्या रांगेत लगेच खटकते.

लावण्याआधी सव्वीस सेंमीची एक काठी कापून घ्या. दुसऱ्या ओळीतल्या कुठल्याही खुणेवर तिचं टोक ठेवा आणि पहिल्या ओळीतल्या दोन्ही खुणांकडे फिरवा. दोन्हीकडे सारखीच पोचली पाहिजे. एकीकडे पोचते आणि दुसरीकडे दोन बोटं कमी पडते, याचा अर्थ ओळ बरोबर मध्यावर सरकलेली नाही.

एक पूर्ण ओळच उरली तर

ही तक्रार वेगळी आणि तिचं कारणही वेगळं. हिशेब ५५ चा होता, आणली ५५, लागली ४४, अकरा उरली. उरलेली रोपं बरोबर एका ओळीएवढी असतील तर ओळींतलं अंतर तपासा. शंभरातल्या नव्वद वेळा कोणीतरी ओळींमध्येही २५ सेंमीच सोडलेले असतात. ९० भागिले २५ म्हणजे ३.६, तीन गाळे, चार ओळी. ओळी एकाआड एक सरकवलेल्या असल्याने वाफा त्रिकोणी दिसतो, पण तिरकं अंतर २८ सेंमी झालेलं असतं. तिथे समभुज त्रिकोण राहिला नाही, समद्विभुज झाला.

हा घोळ नुसत्या निष्काळजीपणाने होत नाही, नावामुळेही होतो. फळबागेच्या पुस्तकांत "त्रिकोणी पद्धत" म्हणजे चौरसाचीच आखणी, फक्त एकाआड एक ओळ अर्ध्या अंतराने सरकवलेली. सगळीकडे सारखं अंतर ठेवणाऱ्या, समभुज त्रिकोणाच्या पद्धतीला तिथे "षट्कोनी" म्हणतात, कारण मधल्या एका झाडाभोवती सहा झाडांचा षट्कोन तयार होतो. चौरसापेक्षा साधारण १५ टक्के जास्त झाडं बसतात ती या दुसऱ्या पद्धतीत. फुलांच्या वाफ्याबद्दल बोलताना मात्र बहुतेक जण त्रिकोणी म्हणूनच समभुज धरतात. एकाने एका अर्थाने आकडा काढला आणि दुसऱ्याने दुसऱ्या अर्थाने लावलं की एक ओळ हातात राहते. म्हणून लावणाऱ्याला रोपांची संख्या आणि "त्रिकोणी लाव" एवढंच सांगू नका, ओळींतलं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहून द्या.

ते १५ टक्केही मोठ्या क्षेत्राचे आहेत, हे लक्षात असू द्या. आपल्या या वाफ्यात चौरस लागवडीत ४४ आणि त्रिकोणीत ५५, म्हणजे पुरे २५ टक्के जास्त, कारण योगायोगाने एक अख्खी ओळ आणखी बसली. दुसऱ्या एखाद्या रुंदीत ओळी तेवढ्याच बसतील आणि वाढ शून्य असेल. चौरसाच्या आकड्याला १.१५ ने गुणून त्रिकोणीचा आकडा काढणं लहान वाफ्यात म्हणूनच धरवत नाही.

ओळ थोडक्यात हुकत असेल तर

समजा वाफा १३५ सेंमी रुंद आहे. आतली रुंदी १०५, भागिले २१.६५ म्हणजे ४.८५. नियमाने पाच ओळी. पण सहाव्या ओळीला फक्त सव्वातीन सेंमी कमी पडताहेत, आणि त्या सव्वातीनसाठी अकरा रोपांची ओळ सोडायची का? मी सोडत नाही. दोन्ही काठअंतरं १५ वरून १३.३ केली की सहावी ओळ बसते. काठ तसाच हवा असेल तर ओळी २१ सेंमीवर घ्या. ओळीत २५.७ ठेवलं तर तिरकं अंतर २४.६ येतं, म्हणजे ठरलेल्या २५ पेक्षा अर्धा सेंमीसुद्धा कमी नाही. तिरकं अंतर ठरलेल्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त घटू द्यायचं नाही, ही माझी स्वतःसाठीची मर्यादा. त्यापुढे रोपं एकमेकांत घुसतात, मधली हवा कोंडते आणि पावसाळी दमटपणात खालची पानं सडू लागतात.

ओळी कुठल्या दिशेने आखायच्या तेही एकदा दोन्हीकडून मोजून पाहा. आपल्या १२० सेंमीच्या वाफ्यात ओळी रुंदीला समांतर घेतल्या तर ओळीत चार रोपं बसतात आणि ओळी तेरा होतात. एकूण ५२. लांबीला समांतर घेतल्या तर ५५. माती तेवढीच, काठ तोच, तीन रोपांचा फरक नुसत्या दिशेने पडला.

काठअंतर किती आणि कुठून

साधा नियम म्हणजे पूर्ण वाढलेल्या रोपाच्या पसाऱ्याच्या निम्मं. झेंडूचं झुडूप ३० सेंमी पसरत असेल तर १५. त्याहून कमी ठेवलं तर फुलं वाटेवर लवंडतात, पायदळी येतात आणि काठाची माती लवकर तापून सुकते, त्यामुळे त्याच ओळीला पाणी कमी पडतं. त्याहून बरंच जास्त ठेवलं तर वाफ्याभोवती उघड्या मातीची चौकट दिसते आणि तिथे तण येतं.

दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली, वाफ्याला विटांची किंवा दगडांची कड असेल तर माप बाहेरून घेतलं जातं. कड १० सेंमी जाडीची असेल तर ३ मीटरचा वाफा आतून २८० चाच असतो, आणि ओळीमागे एखादं रोप तिथेच उरतं. काठअंतर नेहमी मातीच्या आतल्या कडेपासून धरा. दुसरी, चारही काठ सारखेच असतात असं मानलं जातं. मागे भिंत असेल तर तिथे मी जास्त जागा सोडते, कारण भिंतीलगत पावसाचं पाणी कमी पोचतं आणि झुडपाला मागे पसरायला जागा नसते. मेंदीसारखं कुंपण असेल तर त्याच्या मुळांसाठी आणखी जास्त. अशा वेळी काठअंतराची दुप्पट वजा न करता दोन्ही बाजूंचे वेगवेगळे आकडे वजा करायचे. पुढे १५ आणि मागे ३० असतील तर १२० मधून ४५ जातील, आतली रुंदी ७५ राहील आणि ओळी चारच येतील.

आणि २५ सेंमी म्हणजे बुंध्यापासून बुंध्यापर्यंत. पिशवीतलं रोप हातात असताना पानांच्या टोकापासून मोजायचा मोह होतो. तसं मोजलं तर वाफा विरळ होतो आणि रोपं उरतात.

दर वेळी हाताने करायचं नसेल तर

गणनपत्रकात B1 मध्ये लांबी, B2 मध्ये रुंदी, B3 मध्ये रोपांतलं अंतर आणि B4 मध्ये काठअंतर घाला. सगळे आकडे सेंटिमीटरमध्येच. एक मीटरमध्ये आणि दुसरा सेंमीमध्ये घातला की येणारा आकडा कधीकधी इतका खरा वाटतो की चूक सापडत नाही.

```
B5  =B3*SQRT(3)/2
B6  =INT((B2-2*B4)/B5)+1
B7  =INT((B1-2*B4)/B3)+1
B8  =INT((B1-2*B4-B3/2)/B3)+1
B9  =ROUNDUP(B6/2,0)*B7+ROUNDDOWN(B6/2,0)*B8
```

B5 म्हणजे ओळींतलं अंतर, B6 ओळींची संख्या, B7 पहिल्या ओळीतली रोपं, B8 सरकवलेल्या ओळीतली, आणि B9 एकूण. ३००, १२०, २५, १५ घालून पाहा. ५, ११, ११ आणि शेवटी ५५ यायला हवेत. मग B1 मध्ये २९० घाला, ५३ आले की सूत्रं बरोबर उतरली आहेत. मेलेल्या रोपांसाठी चार-पाच जास्त घ्यायची असतील तर ती B9 वर शेवटी मिळवा. आधीच अंतर कमी करून "थोडी जास्त बसतील" असं पाहू नका, मग खरा आकडा कुठला तेच कळेनासं होतं.

गोल वाफा

हे पत्रक आयतालाच चालतं. गोल वाफ्यात ओळी मधून बाहेर मोजत जायच्या, आणि तिथे क्षेत्रफळ आणखीच फसवतं. दोन मीटर व्यासाचा वाफा, अंतर २५, काठअंतर १५. म्हणजे रोपं ८५ सेंमी त्रिज्येच्या आत बसली पाहिजेत. पूर्ण क्षेत्रफळाने ५८ येतात, आतल्या वर्तुळाने ४२.

मधोमध एक रोप धरून ओळी मोजू. मधल्या ओळीत दोन्हीकडे तीन-तीन, मिळून सात. तिच्या दोन्ही अंगांना सहाच्या ओळी, मग पाचच्या, मग चारच्या. पुढची ओळ मध्यापासून ८६.६ सेंमीवर येते, म्हणजे वर्तुळाबाहेर. एकूण ३७. आयतात आतल्या क्षेत्रफळाने रोपं कमी पडली होती, इथे त्याच पद्धतीने पाच उरतात.

कारण फक्कीच्या खुणा पाहिल्या की समजतं. ही ३७ रोपं मिळून षट्कोन होतो, प्रत्येक बाजूला चार रोपांचा. षट्कोनाचे कोपरे वर्तुळाच्या कडेजवळ पोचतात, पण सहा सपाट बाजूंच्या बाहेर सहा चंद्रकोरी रिकाम्या राहतात. प्रत्येक कोरीत मधोमध एक रोप बसायला जागा जवळजवळ आहे. त्या जागा मध्यापासून अंतराच्या ३.४६४ पट लांब येतात, म्हणजे २५ सेंमीला ८६.६ वर, ८५ च्या जरा बाहेर. अंतर २५ वरून २४.५ केलं की त्या ८४.९ वर येतात आणि सहाही रोपं काठअंतर न मोडता आत बसतात. एकूण ४३. अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाने गोल वाफा खरोखर गोल दिसू लागतो. म्हणून गोल वाफ्यासाठी रोपं आणण्याआधी अंतराला ३.४६४ ने गुणून पाहा, आणि गुणाकार आतल्या त्रिज्येच्या एक-दोन सेंमी बाहेर जात असेल तर तो त्रिज्येत बसेल इतकं अंतर आधीच आवळून घ्या.